डोक्यातून उगवणारी डोलकाठी: बंदरावरचा तोच तोच बिघडणारा फोटो

माझा भाचा खेडला कॉलेजात आहे. शनिवारी दुपारी तो दापोलीला आमच्याकडे येतो, संध्याकाळी हर्णैच्या बंदरावर जातो आणि रात्री ताटावर बसल्या बसल्या माझ्यासमोर मोबाइल धरतो. "मामा, बघ ना. तिथे एकदम भारी दिसत होतं. घरी येऊन बघतो तर काहीतरी बिघडलेलंच."

पहिल्या दोन आठवड्यांत मी "चांगला आहे, अजून काढत राहा" म्हणून आमटी वाढून घेतली. तिसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की फोटो वेगळे असले तरी बिघाड तोच आहे. बाई वेगळी, होडी वेगळी, पण दर वेळी डोक्यातून काठी उगवलेली, दोर भलत्याच ठिकाणी पोचलेला आणि पाय एकमेकांत अडकलेले. तोच बिघाड परत परत येतो तेव्हा नशिबाला दोष देऊन भागत नाही, त्याचं कारण शोधावं लागतं. गेली बावीस वर्षं माझा फोटो स्टुडिओ आहे. पोट लग्नांवर आणि पासपोर्ट फोटोंवर चालतं, पण बंदरावर मीही पुष्कळ फिल्म आणि नंतर पुष्कळ मेमरी कार्डं वाया घालवली आहेत. त्यामुळे चौथ्या शनिवारी जेवण झाल्यावर आम्ही एकच फोटो घेतला आणि तो पार सोलून पाहिला.

फोटोत काय होतं

हर्णैला संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव लागतो. नावा किनाऱ्यापासून थोड्या आत उभ्या राहतात, तिथून माल बैलगाडीत किंवा डोक्यावर पाटीत घालून वर येतो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. फोटोत एक बाई पाटी घेऊन पाण्याकडून लिलावाकडे चालली आहे, डावीकडून उजवीकडे. भाचा तिच्यापासून साधारण चार मीटरवर उभा, फोन डोळ्यांशी, मुख्य कॅमेरा, झूम नाही.

पाटीच्या बरोबर मधून मागच्या नावेची डोलकाठी वर गेली आहे. समुद्राची आडवी रेघ बाईच्या मानेतून आरपार. डाव्या खालच्या कोपऱ्यातून एक पांढरा नायलॉनचा दोर निघतो, तिच्या कमरेमागून जातो आणि वर नावेच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, जाऊन टेकतो. तिच्या खांद्यामागे बर्फाची पांढरी थर्माकोलची पेटी. उजव्या कडेला अर्धं नारिंगी क्रेट आणि कोणाचं तरी कोपर. बाईचा उजवा हात पाटीला लागलेला, त्यामुळे चेहऱ्याचा अर्धा भाग दंडामागे. पाय असे, की दुरून बघणाऱ्याला वाटावं बाईला एकच पाय आहे.

त्याचं निदान तयार होतं: "फोनच साधा आहे रे. चांगला कॅमेरा असता तर मागचं ब्लर झालं असतं."

हे आधी निकालात काढू. त्याच बाईचा एक फोटो त्याने पोर्ट्रेट मोडमध्येही घेतला होता. त्यात मागच्या नावा विरघळल्या होत्या खऱ्या, पण पाटीच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, आणि हात व पाटी यांच्यामधल्या फटीतून दिसणारा काठीचा तुकडा तसाच टोकदार राहिला होता. मोठा कॅमेरा आणि उघडी लेन्स असती तर कडा नीट आल्या असत्या, पण काठीची फक्त जाड, करडी पट्टी झाली असती आणि ती डोक्यातूनच निघाली असती. ब्लर केल्याने वस्तू मऊ होते, जागेवरून हलत नाही.

आधी पाय तपासा

मी त्याला विचारलं, "तू तिथे उभा का होतास?" तो म्हणाला, "ती दिसली, मी धावत पुढे गेलो, काढला." सगळा बिघाड या एका वाक्यात आहे. माणूस आधी निवडला आणि उभं राहायची जागा त्या माणसाने ठरवली. मग मागे जे येईल ते येतं.

काठी हटवायला किती सरकावं लागलं असतं याचा हिशेब अगदी सोपा आहे. बाई चार मीटरवर, नाव समजा चाळीस मीटरवर. मी अर्धा मीटर डावीकडे सरकलो की मागची काठी बाईच्या मानाने डावीकडेच सरकते, आणि तिच्या अंगाच्या मापात मोजलं तर जवळजवळ तेवढीच, पंचेचाळीस सेंटिमीटर. पाटी साठ सेंटिमीटर रुंद धरली तर मधोमध असलेली काठी कडेबाहेर जायला तीस सेंटिमीटर पुरतात. म्हणजे एक साधं पाऊल टाकलं असतं तर काठी पाटीपासून वीतभर लांब, मोकळ्या आकाशात उभी राहिली असती. मागची वस्तू खूप लांब असेल तर गणित आणखी सोपं होतं: तुम्ही जेवढे सरकाल तेवढीच ती समोरच्या माणसाच्या मापात सरकते. सुवर्णदुर्गाचा तट असो की डोंगरावरचा मोबाइलचा टॉवर, हिशेब तोच.

याची उलट बाजूही आहे. तुम्ही न सरकता बाई एक पाऊल पुढे गेली तरी काठी सुटते. भाच्याने अर्धा सेकंद थांबून दाबलं असतं तरी ही काठी गेली असती, फक्त मग तिच्या जागी दुसऱ्या नावेची आली असती, कारण तिथे ओळीने नावा उभ्या होत्या. अशा ठिकाणी चेहरा समुद्राकडे करून फोटो काढणं म्हणजे काठ्यांच्या कुंपणासमोर माणूस उभा करणं. तिथे पाऊलभर सरकून भागत नाही, दिशाच बदलावी लागते. त्याकडे पुढे येतो.

मानेतली रेघ हा आपल्या किनाऱ्यावरचा खास रोग आहे. सपाट पुळणीवर क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. फोन जमिनीपासून दीड मीटरवर असेल तर समोरच्या प्रत्येक माणसाला, तो जवळ असो की लांब, क्षितिज दीड मीटरवरच कापतं. आपल्याकडच्या माणसांची उंची पाहिली तर दीड मीटर म्हणजे कुणाची मान, कुणाची हनुवटी, कुणाचे डोळे, कुणाचं कपाळ. डोळ्यांशी फोन धरून काढलेल्या समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोंत माणसांची मुंडकी उडालेली दिसतात ती यामुळे. फोन कमरेशी, नव्वद सेंटिमीटरवर आणला की रेघ समोरच्याच्याही कमरेशी येते आणि डोकं-खांदे मोकळ्या आकाशात जातात. भाच्याला हे खरं वाटेना. मग मी त्याला जुने फोटो उघडून दाखवले, प्रत्येकात रेघ कुठे लागते ते बोटाने मोजायला लावलं. एकूण एक माना.

उपायाला किंमतही आहे. खाली गेलात की डोकं आकाशात जातं, आणि डोलकाठ्याही आकाशातच असतात. काठ्यांपुढे वाकून काढलेला फोटो उभं राहून काढलेल्यापेक्षा वाईट येऊ शकतो. त्याऐवजी उंचवट्यावर चढलात, तर बाईच्या मागे फक्त वाळू येते, काठ्याही जातात आणि रेघही डोक्याच्या वर जाते. मात्र तिचा चेहरा पाटीखाली झाकला जातो. वर जायचं की खाली, ते मागे काय आहे त्यावर ठरवा.

मग दोर कुठे जातो ते बघा

दोराबद्दल भाचा खूश होता. कोणीतरी त्याला सांगितलं होतं की फोटोत नजर नेणारी रेघ हवी आणि ती कोपऱ्यातून निघावी. दोर कोपऱ्यातून निघत होता, म्हणून त्याने स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

मी म्हटलं, बोट ठेव आणि दोरावरून चालव. बोट कोपऱ्यातून निघालं, बाईच्या कमरेमागून गेलं आणि नावेच्या नाळेवर थांबलं. "आता बाई कुठे आहे?" तो गप्प. दोर नजर नेतो खरा, पण बाईला ओलांडून होडीकडे नेतो. म्हणजे या फोटोचा विषय होडी आहे आणि बाई वाटेत आली आहे. वर पांढरा दोर तिच्या गडद लुगड्यामागून गेल्यामुळे तिचे दोन तुकडे पडले ते वेगळंच.

रेघ विषयापाशी संपली पाहिजे, निदान तिथे मंदावली पाहिजे. दोराचा हा त्रास नेहमीचा आहे, कारण दोराची दोन्ही टोकं बांधलेली असतात, एक खुंटाला आणि एक नावेला. माणूस त्या टोकांपाशी उभा नसेल तर दोर आपल्या कामाचा नाही. बैलगाडीची चाकोरी त्या मानाने चांगली: ओल्या वाळूत दोन समांतर रेघा, लांब जाता जाता जवळ येणाऱ्या. त्या जिथे एकत्र येतात तिथे, किंवा त्याच्या आसपास, माणूस आला पाहिजे. आणि सगळ्यात भरवशाची रेघ म्हणजे लाट मागे गेल्यावर ओल्या आणि कोरड्या पुळणीमधली चकाकणारी कड. ती कुठेच बांधलेली नाही, वळणं घेते, तिच्यावर आकाश उतरतं आणि तिच्यापाशी माणसं हमखास येतात.

कोपऱ्याबद्दल माझं मत जरा उलटं आहे. रेघ अगदी कोपऱ्यातून निघाली की फोटो शिकवणीतला वाटतो आणि नजर त्या टोकातून बाहेरही घसरते. कोपऱ्यापासून थोडी अलीकडे, खालच्या कडेतून रेघ आत येऊ द्यावी.

पांढरी पेटी आणि नारिंगी क्रेट

यात फार वेळ घालवण्यासारखं नाही. फोटो इतका लहान करा की अंगठ्याच्या नखाएवढा दिसेल, मग विचारा, आधी काय दिसलं? या फोटोत थर्माकोलची पेटी. मासळीबाजारात पांढरी पेटी, निळं पिंप आणि पिवळी ताडपत्री हे तीन चोर आहेत, नजर तेच पळवतात. पेटी आणि ताडपत्री निदान चौकटीत कुठे ठेवायची हे आपण ठरवू शकतो, लोकांची कामाची वस्तू "जरा बाजूला घ्या" म्हणून हलवायला मात्र सांगू नये.

कडेचं क्रेट आणि कोपर कापून काढता येतं. त्याचा फोन चार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा फोटो देतो. लांबी-रुंदी साठ टक्के ठेवली तरी चोवीसशे बाय अठराशे उरतात, म्हणजे आठ बाय सहा इंचाची स्वच्छ प्रिंट निघते. कापायला लाजायचं कारण नाही. पॅरिसच्या सेंट लाझार स्टेशनामागे 1932 साली आंरी कार्तिए-ब्रेसाँने डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा जो फोटो घेतला, टाच पाण्याला टेकायच्या क्षणभर आधीचा, तो कुंपणाच्या फटीतून घेतलेला होता आणि डावी बाजू कापूनच छापला गेला. एरवी हा माणूस फोटो कापण्याच्या विरोधात. पण कापून कडा साफ होतात, बाईच्या मागची काठी आणि खांद्यामागची पेटी नाही. आणि काठी बोटाने पुसून टाकायची सोय आता फोनमध्ये असली तरी रस्त्यावरच्या फोटोत मी ती वापरू देत नाही. तिथे जे होतं ते होतं.

पाय नेहमी अडकलेलेच का सापडतात

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. भाच्याच्या चारही आठवड्यांच्या फोटोंत चालणारी माणसं एकपायी होती. योगायोग म्हणावा तर तो इतक्या वेळा होत नाही.

माणूस साध्या चालीने मिनिटाला शंभर-एकशेदहा पावलं टाकतो, म्हणजे एका पावलाला अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त. या वेळात दोन अवस्था येतात. एकीत पुढची टाच टेकलेली, मागचा अंगठा अजून जमिनीवर, मध्ये त्रिकोण मोकळा, आणि यात माणूस चालताना दिसतो. दुसरीत एक पाय दुसऱ्याच्या शेजारून जातो, बाजूने बघणाऱ्याला दोन्ही एकावर एक. त्रिकोण जेमतेम सेकंदाचा दहावा भाग टिकतो.

आता दाबणाऱ्याचं बघा. डोळ्याने काही पाहिल्यापासून बोट हलेपर्यंत सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. भाचा त्रिकोण बघायचा, "आता!" म्हणून दाबायचा, आणि तेवढ्या वेळात मागचा पाय पुढच्याच्या शेजारी येऊन पोचायचा. म्हणजे तो जितका दक्ष, तितके पाय नेमके अडकलेले.

उपाय याच हिशेबात आहे. पाय एकमेकांना ओलांडताना दिसले की दाबायचं, फोटोत त्रिकोण येतो. आमच्या अंगणात मी त्याच्या मामीला तुळशीपासून विहिरीपर्यंत आठ फेऱ्या मारायला लावल्या. ("फोटो दाखवणार असाल तरच," ही तिची अट.) पहिल्या तीन फेऱ्या चुकल्या, पुढच्या पाचांत चार त्रिकोण आले.

बर्स्ट लावली तर सेकंदाला दहा फोटो, म्हणजे एका पावलात पाच-सहा, आणि त्यातला एक त्रिकोणाचा निघतोच. वापरावी. पण बर्स्टने पाऊल सापडतं, जागा सापडत नाही. चार मीटरवर त्याच्या फोनच्या चौकटीत जेमतेम सहा मीटर रुंदीची जागा मावते. बाई ती पाच सेकंदांत पार करते. त्यातला, मागे काही उगवलेलं नाही आणि रेघही तिच्यापाशी येते, असा पट्टा मीटरभराचा असला तरी पुष्कळ. त्या मीटरात ती दोनदाच पाऊल टाकते. दर फेरीत तुम्हाला दोन संधी आहेत, आणि तो पट्टा आधी ठरवलेला नसेल तर एकही नाही.

एक किरकोळ गोष्ट: त्याच्या फोटोची माहिती उघडली तर शटर 1/120 होतं. मागून पुढे येणारा पाय अंगापेक्षा पुष्कळ वेगाने हलतो, म्हणून बाकी सगळं स्पष्ट असताना पाऊल पुसट झालं होतं. फोनमध्ये प्रो मोड असेल तर 1/500 ठेवा. आणि ठरवलेल्या जागेवरच्या वाळूवर बोट दाबून धरून फोकस आधीच पक्का करा, म्हणजे दाबल्यावर फोन शोधाशोध करत बसणार नाही. कॅमेरा असेल, तर त्याच्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सवर 18 मिलिमीटर, एफ 8 आणि फोकस दोन मीटरवर ठेवला की साधारण एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट येतं. ऑटोफोकसची गरजच राहत नाही.

पुन्हा बंदरावर

पुढच्या शनिवारी मी स्वतः त्याच्याबरोबर गेलो. साडेचारला पोचलो, ओहोटी होती. पहिला अर्धा तास फोन खिशात ठेवायचा, ही माझी अट. त्याला फक्त वाटा बघायला सांगितल्या: बायका पाण्यातून कुठे बाहेर येतात, कुठे वळतात, पाटी कुठे उतरवतात. लिलावाच्या कडेला उभे राहिलो तेव्हा एका मावशींनी "वाटेत नको रे बाबा, पाटी लागेल" म्हणून त्याला सरळ हाताने बाजूला केलं. बरं झालं. वाट कुठून जाते ते त्याला अंगावरच कळलं.

समुद्राकडे तोंड केलं तर काठ्यांचं कुंपण, आणि संध्याकाळी सूर्य समुद्रावर, म्हणजे माणसंही काळी. म्हणून आम्ही किनाऱ्याच्या लांबीकडे तोंड केलं, समुद्र उजव्या हाताला. एका फटक्यात मागच्या नावा चौकटीबाहेर गेल्या. उरली ती लांबपर्यंत पुळण, पुसट डोंगर आणि खालच्या कडेतून आत येऊन वळत जाणारी ओली चकाकी. या दिशेने पाहिलं की माल घेऊन येणारी बाई उजवीकडून डावीकडे जाते. म्हणजे तिची डावी बाजू आपल्याकडे आणि पाटीला लागलेला उजवा हात पलीकडे. चेहरा मोकळा. पण पाठ सूर्याकडे असल्याने तो सावलीत.

हे पाहत उभे असताना भाच्यालाच सुचलं, आणि ते मला एवढ्या वर्षांत सुचलं नव्हतं. तो म्हणाला, "मामा, परत जाताना?" पाटी रिकामी करून बायका पुन्हा पाण्याकडे निघतात तेव्हा सूर्य थेट तोंडावर असतो. पाटी कमरेवर, डोक्यावर ओझं नाही, एक हात मोकळा, आणि ओझं उतरल्यावर चालही वेगळी असते, जरा गप्पा मारत. भरलेल्या पाटीमागे धावण्यात आमच्यासारखे सगळेच रिकाम्या पाटीकडे पाठ करून उभे असतात.

जागा ठरली: ओल्या चकाकीच्या एक पाऊल अलीकडे. तिथे पडलेला एक शिंपला खूण म्हणून पक्का केला, त्यावर फोकस धरला. फोन कमरेशी, रेघ कमरेशी. मागे डोंगरावर मोबाइलचा एक टॉवर होता, तो शिंपल्याच्या बरोबर वर येत होता. अर्धं पाऊल डावीकडे सरकून तो बाजूला केला. मग थांबणं.

पहिल्या बाई शिंपल्याच्या पलीकडून गेल्या, फोकस चुकला. दुसऱ्या दोघी जोडीने आल्या, एकीत दुसरी लपली. तिसऱ्या वेळी सगळं जुळलं पण बाईंनी नेमकं कॅमेऱ्याकडे बघून "कशाला काढतोस रे?" विचारलं. त्याने फोन खाली केला, जाऊन फोटो दाखवला, त्या हसल्या आणि म्हणाल्या, "काढ, पण पाटी रिकामी कशी, लोक काय म्हणतील?" नंतर त्यांनी लक्षच दिलं नाही. हेच हवं होतं. सूर्य पाण्याला टेकायला आला तोवर त्याने एकाच जागेवरून एकेचाळीस फोटो काढले होते.

रात्री ताटावर त्याने त्यातला एक समोर धरला. बाई शिंपल्यावरून पाऊल टाकते आहे, पायांमध्ये त्रिकोण मोकळा आणि त्या त्रिकोणातून ओली चकाकी दिसते. डोकं आकाशात, उन्हाने चेहऱ्याची एक कड पेटलेली, मोकळा हात बोलताना वर गेलेला. खालून येणारी रेघ तिच्या टाचेपाशी थांबते. मी बोट फिरवून पाहिलं, नखाएवढा करून पाहिला, चारी कडा पाहिल्या.

"पाटीला शेपूट आहे," मी म्हटलं.

त्याने फोन ओढून घेतला. मागे वाळूवर एक कुत्रं होतं. त्याचं धड बाईच्या पाठीमागे दडलेलं आणि वळलेली शेपटी नेमकी कमरेवरच्या पाटीच्या काठातून बाहेर आलेली.

"आता कुत्र्याला मी काय सांगणार होतो, मामा?"

"बाकीचे चाळीस दाखव." त्याने भराभर सरकवले. कुत्रं पहिल्या फोटोपासून तिथेच, त्याच कुशीवर झोपलेलं होतं.